पेटीतला अर्ज कधी उचलायचा?

साथींनो,

संघटनेच्या कार्यालयात एक पत्र्याची पेटी आहे. आपापल्या वाड्या आपण वाटून घेतल्या आहेत, पण पेटीतले वनहक्काचे अर्ज कुणाच्याच वाटणीचे नाहीत. कधी कार्यकर्ता गाव सोडून गेला, कधी वाडी दोन गावांच्या शिवेवर पडली, कधी कुणी परस्पर आणून ठेवले. ज्याचं काम उरकलं त्याने पेटीतलं घ्यावं, असं बैठकीत ठरलं. कधी घ्यायचं आणि कुठलं घ्यायचं, हे मात्र ठरलं नाही. घोळ तिथूनच झाला. त्यातला एक घोळ माझाच आहे.

माझ्या तीन वाड्यांचं काम २० सप्टेंबरला संपलं आणि मी पेटी उघडली. आत चौदा अर्ज. त्यातले सहा एस.टी.च्या रस्त्यावरच्या वाडीचे होते, पुरावेही पुरते लावलेले. ते मी घेतले आणि चार दिवसांत उरकले. बरं वाटलं. १५ ऑक्टोबरला पुन्हा पेटी उघडली, तेव्हा तळाशी एका कातकरी बाईचा नामंजूर दावा सापडला. उपविभागीय समितीचा निर्णय १२ ऑगस्टचा. जिल्हा समितीकडे अपील करायला साठ दिवस असतात. ते ११ ऑक्टोबरला संपले होते. मी पहिल्यांदा पेटी उघडली तेव्हा एकवीस दिवस हातात होते! आता उशिराचं कारण लिहून अपील दिलं आहे. मुदत वाढवून देणं समितीच्या हाती. निकाल अजून नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की पेटी उघडली की आधी सगळे कागद खाली काढायचे आणि तारखा बघायच्या. नामंजुरीचं पत्र असेल ते पहिलं. त्याच्यानंतर भट्टीवर जाणारी घरं. आपल्याकडे कातकरी कुटुंबं वीटभट्टीची, कोळशाची उचल घेतात आणि दिवाळी झाली की निघतात, ती पावसाच्या तोंडावरच परत येतात. जागेची पाहणी दावेदार नसताना झाली तर बांध कुणी घातला, आंबा कुणी लावला, नाचणी-वरी कुठपर्यंत पेरतात, हे दाखवणार कोण? म्हातारी माणसंही तेव्हा वाडीवर नसली तर त्यांचा जबाब राहतो. तेव्हा या घरांचं काम दसऱ्याच्या आत. बारमाही वाडीवर राहणाऱ्यांचे अर्ज थोडे थांबू शकतात. सोपे अर्ज सगळ्यात शेवटी, कारण ते कुणीही उरकेल.

पण त्याच्याही आधी एक प्रश्न स्वतःला विचारायचा : माझं काम खरंच संपलंय का? अर्ज दिला म्हणजे संपलं, असं आपण धरतो. ते खरं नाही. वनहक्क समितीची सही-तारखेची पोच दावेदाराच्या हातात आहे का? नक्कल आपल्या फाइलीत आहे का? पाहणीची तारीख लागली आहे का? येत्या पंधरा दिवसांत आपल्याच वाडीवर पाहणी असेल तर पेटीला हात लावू नये. नायतर दोन्हीकडे अर्धंच होतं.

दुसरा घोळ दोघांनी एकच अर्ज उचलण्याचा. रोह्याकडच्या एका बाईला आपल्या दोन साथींनी वेगवेगळ्या दिवशी तालुक्याला बोलावलं, त्याच कागदावर अंगठ्यासाठी. तिची दोन दिवसांची मजुरी बुडाली. ती म्हणाली, "भाऊ, तुमचं तुम्ही आधी बोला, मग आम्हाला बोलवा." तिच्यापुढे बोलायला आपल्याकडे काही नव्हतं.

यावर उपाय साधा आहे. पेटीजवळ वही ठेवू. अर्ज उचलला की दावेदाराचं नाव, आपलं नाव, तारीख लिहायची. एका वेळी दोनच घ्यायचे. ज्याने आधी थोडं काम केलंय त्याला विचारल्याशिवाय घ्यायचा नाही, कारण कुठली दंडाची पावती कुणाकडे आहे हे त्यालाच ठाऊक. आठ दिवसांत वाडीवर जाणं जमलं नाही तर कुठवर आलंय ते लिहून अर्ज परत ठेवायचा. परत ठेवण्यात कमीपणा नाही. पिशवीत तसाच ठेवून फिरणं वाईट, कारण पेटीत असता तर दुसऱ्याने तरी बघितला असता.

काही साथी म्हणतील, एवढे नियम केले तर कुणी पेटीकडे फिरकणारच नाही. मला तसं वाटत नाही. आज माणूस कचरतो तो एक अर्ज घेतला की अख्खी वाडी गळ्यात पडेल म्हणून. दोनाची हद्द असली तर तो निर्धास्तपणे उचलेल.

पुढच्या मासिक बैठकीत वही मी घेऊन येतो. त्या दिवशी पेटी सगळ्यांसमोर रिकामी करू आणि तारखा एकदा मोठ्याने वाचू.

जिंदाबाद!

— एक कार्यकर्ता