पाळतीचा कागद कुठे आहे?

1941 साली उत्तर प्रदेशात खरक सिंग नावाच्या माणसाला दरोड्याच्या गुन्ह्यात पकडलं आणि पुरावा नाही म्हणून सोडून दिलं. पोलिसांनी मात्र त्याची ‘हिस्ट्री शीट’ उघडली. मग रात्री-अपरात्री चौकीदार आणि शिपाई दार ठोठावायचे, झोपलेल्या माणसाला उठवायचे. ही दांडगाई नियमात बसवलेली होती: उत्तर प्रदेश पोलीस नियमावली, नियम 236. नियम छापील होता, म्हणून खरक सिंग त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जाऊ शकला. 1962 मध्ये न्यायालयाने रात्रीची झडप रद्द केली. बाकीची पाळत ठेवली आणि खासगीपणा हा मूलभूत हक्क नाही असंही सांगितलं. ते म्हणणं खोडायला 2017 चा पुट्टास्वामी निकाल यावा लागला.

गाझियाबादच्या ठाण्यांत आजही हिस्ट्री शीट उघडल्या जातात. त्या कुणाच्या नावाने उघडतात, हे आपल्या वस्त्यांना सांगायला नको. मागास जाती, दलित, आदिवासी यांची नावं अशा नोंदींत पूर्वग्रहाने, यांत्रिकपणे घातली जातात, याची दखल मे 2024 मध्ये खुद्द सर्वोच्च न्यायालयाला घ्यावी लागली. तरीही त्या नोंदीला एक कागद असतो, आणि कागदाला आव्हान देता येतं.

आता दुसरी पाळत बघा. ऑक्टोबर 2019 मध्ये आनंद तेलतुंबडे गोव्यात शिकवत होते. तेव्हा टोरोंटोच्या सिटिझन लॅबने त्यांना कळवलं की त्यांचा फोन लक्ष्य झाला आहे. नागपूरचे वकील निहालसिंग राठोड यांनाही असाच निरोप आला. हत्यार होतं इस्रायलच्या एनएसओ कंपनीचं पेगॅसस. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल यायचा. तो उचलला नाही तरी फोनचा ताबा जाऊ शकत होता. म्हणजे लक्ष्य झालेला माणूस गोव्यात, हत्यार बनवणारी कंपनी इस्रायलमध्ये, आणि खटला कॅलिफोर्नियात. चौकीदाराची चाहूल तरी लागायची. इथे बातमी परदेशातून आली.

एनएसओ सांगते की आम्ही फक्त सरकारांना विकतो. मग दोनच शक्यता उरतात. एक, हे आपल्या सरकारने केलं. दोन, परक्या सरकारने केलं. भारताने 1979 मध्ये नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला आहे. त्याचं कलम 17 खासगी आयुष्यात आणि पत्रव्यवहारात मनमानी किंवा बेकायदेशीर ढवळाढवळ होऊ नये म्हणतं, आणि अशा ढवळाढवळीपासून कायद्याचं संरक्षण मिळण्याचा हक्कही देतं. पहिली शक्यता खरी असेल तर सरकारने कायद्याचा आधार दाखवावा. दुसरी खरी असेल तर आपल्या नागरिकाला वाचवायला काय केलं ते सांगावं. दोन्ही बाजूंनी उत्तर देणं सरकारचंच काम आहे.

सरकारने काय केलं? राष्ट्रीय सुरक्षेचं कारण देऊन सविस्तर प्रतिज्ञापत्र द्यायलाच नकार दिला. राष्ट्रीय सुरक्षेचं नुसतं नाव घेऊन सुटता येणार नाही, असं न्यायालयाने 2021 मध्ये सुनावलं आणि समिती नेमली. समितीने 29 फोन तपासले. पाचांत घातक सॉफ्टवेअर सापडलं, पण ते पेगॅससच आहे असं ठामपणे सांगता आलं नाही. सरकारने सहकार्य केलं नाही, हेही ऑगस्ट 2022 मध्ये न्यायालयातच सांगितलं गेलं.

कॅलिफोर्नियात मात्र व्हॉट्सॲप जिंकलं. ज्यूरीने 2025 मध्ये कोट्यवधी डॉलरची भरपाई ठरवली, न्यायाधीशांनी पुढे ती बरीच कमी केली, पण एनएसओला व्हॉट्सॲपला लक्ष्य करण्याची मनाई झाली. न्याय कंपनीला मिळाला. ज्यांचे फोन लक्ष्य झाले, ते त्या खटल्यात पक्षकारच नव्हते.

मग आपल्या माणसाने जावं कुठे? आपल्याकडे फोन ऐकण्याचा हुकूम गृहसचिव देतो आणि त्याची तपासणी सचिवांचीच समिती करते. न्यायाधीश कुठेच नाही, आणि ज्याचं ऐकलं त्याला नंतरही कळवत नाहीत. न कळलेल्या हुकमाविरुद्ध खरक सिंगसुद्धा कोर्टात गेला नसता. देशातले सगळे मार्ग संपल्यावर जिनिव्हातल्या मानवाधिकार समितीकडे वैयक्तिक तक्रार करता येते, पण त्यासाठी कराराचा पहिला पर्यायी प्रोटोकॉल मान्य करावा लागतो. नेपाळने तो 1991 मध्येच मान्य केला. भारताने अजून केलेला नाही. काठमांडूच्या नागरिकाला जो दरवाजा आहे, तो गाझियाबादच्या नागरिकाला नाही.

समितीचा निर्णय सरकारवर सक्तीने लादता येत नाही, हे खरं. पण तिच्यापुढे सरकारला लेखी उत्तर द्यावं लागतं. म्हणून मागण्या तीनच: पाळतीआधी न्यायाधीशाचा हुकूम, पाळत संपल्यावर त्या माणसाला लेखी कळवणं, आणि प्रोटोकॉलवर सही. ज्यांच्या आजोबांचं नाव पोलिसांच्या वहीत न विचारता चढलं, त्यांच्या पदवीधर नातवंडांना निदान ती वही बघायला मागता आली पाहिजे.