पेल्यातला आकडा

आकड्यावर माणसाने किती विश्वास ठेवावा? मी मराठीचा प्राध्यापक. माझा आकड्यांशी संबंध उत्तरपत्रिकांपुरता. तरीही गेल्या वैशाखात मी एका आकड्याच्या नादी लागलो आणि दीड-दोन हजारांना बुडालो.

जयगडला आमचे जुने घर आहे. विहीर खाडीपासून हाकेच्या अंतरावर. पावसाळ्यात तिचे पाणी गोड. पण वैशाखात उपसा वाढला की खाडीचे खारे पाणी खालून शिरते आणि विहीर मचूळ होते. म्हणून अण्णांनी पडद्याचे शुद्धीकरण यंत्र बसवले. हा पडदा दाबाखाली पाणी पलीकडे जाऊ देतो आणि बहुतेक क्षार अलीकडेच अडवतो.

सुट्टीत जाताना मी मुंबईहून क्षार मोजण्याची एक खिशातली कांडी नेली. शुद्ध पाण्यात बुडवली, तर आकडा आला ९२. म्हणजे लिटरमागे ९२ मिलिग्रॅम क्षार. आदल्या दिवाळीत तीस-पस्तीस होता! मी जाहीर केले, पडदा गेला. काकू म्हणाल्या, "अरे, चवीला तर काही वाईट नाही." पण चवीचे कोण ऐकतो? मेकॅनिक आला, पडदा बदलला, रिवाजाप्रमाणे पहिली टाकी ओतून दिली. दुसऱ्या दिवशी मी कांडी खिशात घालून मुंबईला परतलो.

परवा दिवाळीला गेलो, तेव्हा आकडा ४८! अण्णा खूश. मीही खूश झालो असतो. पण सहज कांडी विहिरीच्या पाण्यात बुडवली. २४०. आणि मग मे महिन्यातली वही आठवली. तेव्हा विहिरीचा आकडा मी टिपला होता, ११५०. फक्त त्याचा अर्थ लावला नव्हता.

अर्थ सोपा आहे. ११५० पैकी ९२ पलीकडे गेले, म्हणजे शंभरातले आठ. पडदा ठणठणीत होता. आता २४० पैकी ४८ जातात, म्हणजे शंभरातले वीस. बिघाड आता आहे, आणि तो विहिरीच्या गोडव्याखाली लपला आहे. पेल्यातला एकटा आकडा पडद्याविषयी काहीच सांगत नाही. आत जाणारे आणि बाहेर येणारे पाणी एकाच वेळी मोजून प्रमाण काढावे लागते.

खात्रीसाठी पुन्हा मोजावे म्हटले, तर काकूंनी फ्रिजमधली बाटली पुढे केली. कांडी म्हणाली ३३. मग ३८. मग हळूहळू ४६. हा काय चमत्कार? कांडी क्षार मोजीत नाही. पाण्यातून वीज किती सहज जाते ते पाहून अंदाज बांधते. पाणी एका अंशाने तापले की वीज सुमारे दोन टक्के अधिक जाते, गार झाले की तितकी कमी. म्हणून कांडी उष्णता पाहून २५ अंशांचा आकडा करून दाखवते. पण तिच्या पोटातला उष्णतामापक स्वतः गार व्हायला मिनिटभर घेतो. तोवर तिला पाणी उबदारच वाटते. म्हणून दोन्ही पेले घरातल्या उबेला येऊ द्यावेत आणि आकडा ठरेपर्यंत थांबावे. आणखी एक गोष्ट: ही दुरुस्ती कांडीपुरतीच. उन्हाळ्यात पडद्यातूनही क्षार थोडे अधिक निसटतात. तो फरक खराच असतो.

पाणी कुठले घ्यावे यालाही महत्त्व आहे. पुष्कळ यंत्रांत चवीसाठी थोडे मूळ पाणी शेवटी मिसळतात. तो नळ मोजला तर पडद्याला नाहक दोष लागतो. म्हणून यंत्र दहा मिनिटे चालवून, पडद्यातून येणाऱ्या नळीचेच पाणी आम्ही धरले. पुन्हा ४८.

पाच महिन्यांचा पडदा इतका खराब कसा? अण्णांनी डबी उघडली. पडद्याच्या टोकाची रबरी कडी बसवताना दुमडली होती. त्या फटीतून खारे पाणी शुद्ध पाण्यात शिरत होते. नवी कडी स्वच्छ पाण्याने ओली करून सरळ बसवली. पहिले पाणी ओतून दिले, मग मोजले: २४० ला १७. शंभरातले सात.

काकूंनी विचारले, "मग आता जंतूही गेले ना?" तेवढे ही कांडी सांगू शकत नाही. जंतू, साखर, बरीचशी कीटकनाशके यांच्यामुळे वीज वाहत नाही. तिच्या लेखी ती नसतातच. आणि १७ चे उद्या १९ झाले तर घाबरू नये. इतक्या खाली तिचा दोन-एकाचा हात चुकतोच.

यंत्राशेजारच्या भिंतीवर आता कॅलेंडर टांगले आहे. दर महिन्याच्या एक तारखेला काकू त्यावर दोन आकडे लिहितात, विहिरीचा आणि पेल्याचा. कांडी मी जयगडलाच ठेवून आलो. माझ्या खिशापेक्षा ती तिथे सुरक्षित आहे, असे अण्णांचे मत आहे.