आर्यभटाचे २२५ आणि sin x / x ची सीमा : एका जुन्या धनुष्याचा पुरावा

१/
x शून्याकडे जाताना sin x / x ची सीमा 1 का होते? महाविद्यालयात हे सूत्र कलनशास्त्राच्या उंबरठ्यावर भेटते आणि पुष्कळदा पाठ करून सोडून दिले जाते. वास्तविक हे सत्य कलनशास्त्राचे नव्हे, ते वर्तुळाच्या भूमितीचे आहे. त्याची खूण इसवी सन ४९९ च्या एका कोष्टकात दिसते. मात्र खूण दिसणे आणि सिद्धता होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा धागा त्या दोहोंविषयी आहे.

२/
आरंभ शब्दापासून करावा. वर्तुळाचा चाप म्हणजे धनुष्याची कमान, आणि तिची दोन टोके जोडणारी सरळ रेषा म्हणजे दोरी, अर्थात ज्या. भारतीय ज्योतिषांनी गणितासाठी अर्धी दोरी घेतली आणि तिलाच ज्या म्हटले. ‘जीवा’ हे तिचे दुसरे नाव अरबीत ‘जीब’ झाले. स्वरचिन्हांवाचून लिहिलेला तो शब्द पुढे ‘जैब’, म्हणजे वस्त्राची घडी, असा वाचला गेला. त्याचे लॅटिन भाषांतर ‘सायनस’ झाले आणि त्यातून आजचा ‘साइन’ आला. sin x म्हणजे अर्धी दोरी, x म्हणजे अर्धी कमान. मग प्रश्न एवढाच उरतो : कमान लहान लहान होत गेली, तर दोरी आणि कमान यांचे गुणोत्तर कोठे जाते?

३/
आर्यभटाने आर्यभटीयात पाव वर्तुळाचे २४ समान भाग केले. प्रत्येक भाग ३ अंश ४५ कलांचा, म्हणजे २२५ कलांचा. ज्यांमधील फरक त्याने अक्षरसंकेतात दिले. पहिला संकेत ‘मखि’ : म म्हणजे २५, खि म्हणजे २००, मिळून २२५. पुढचे फरक २२४, २२२, २१९. त्यांची बेरीज करत गेले की ज्या मिळतात : २२५, ४४९, ६७१, ८९०. त्यांच्यासमोर चाप ठेवावेत : २२५, ४५०, ६७५, ९००. पहिल्या ओळीत कमान आणि दोरी यांत फरकच उरलेला नाही. आठव्या ओळीत, ३० अंशांवर, चाप १८०० आणि ज्या १७१९ आहे. तेथे गुणोत्तर ०.९५५ इतके खाली आले आहे.

४/
ही तुलना शक्य झाली ती आर्यभटाच्या एका निवडीमुळे. त्याने त्रिज्या ३४३८ धरली. ही संख्या का? संपूर्ण परीघ २१,६०० कलांचा. त्याला 2π ने भागले की सुमारे ३४३८ येतात. म्हणजे परीघ ज्या मापाने मोजला, त्याच मापाने त्रिज्या आणि ज्याही मोजली. आजचे रेडियन हेच करते : त्रिज्येला एकक मानून चापाची लांबी सांगते. कोन अंशांत आणि ज्या त्रिज्येच्या मापात ठेवली, तर सीमा 1 येत नाही, ती π/180, म्हणजे सुमारे ०.०१७४५ येते. त्या ‘1’ चे अर्धे रहस्य एवढेच की दोन्ही लांबी एकाच मोजपट्टीने मोजल्या आहेत.

५/
उरलेले अर्धे रहस्य आकृतीत आहे. कागद घेऊन पुढील रेषा काढाव्यात. केंद्र म, त्रिज्या 1. परिघावर बिंदू अ. तेथून x लांबीचा, पाव वर्तुळाहून लहान चाप मोजून बिंदू ब. ब पासून म–अ वर टाकलेल्या लंबाची लांबी sin x. आता अ मधून वर्तुळाला स्पर्शिका काढावी आणि म–ब ही रेषा वाढवून ती स्पर्शिकेला क येथे मिळू द्यावी. अ–क ची लांबी tan x.

६/
आता एकात एक बसलेल्या तीन आकृती दिसतात. सर्वांत आत त्रिकोण मअब, त्याला सामावणारी वर्तुळपाकळी मअब, आणि तिलाही सामावणारा त्रिकोण मअक. दोन्ही त्रिकोणांचा पाया म–अ, म्हणजे 1. त्यांची क्षेत्रफळे अनुक्रमे sin x / 2 आणि tan x / 2, तर पाकळीचे x / 2. म्हणून
sin x < x < tan x
सर्वांना sin x ने भागून व्यस्त घेतले की
cos x < sin x / x < 1

७/
x लहान होत गेला की लंबाचा पाय अ कडे सरकतो. केंद्रापासून त्याचे अंतर cos x आहे, म्हणून ते 1 कडे जाते. मधल्या गुणोत्तराला डावीकडून cos x ढकलतो आणि उजवीकडे 1 ची भिंत उभी आहे, त्याला दुसरी वाटच नाही. x ऋण असला तर अंश आणि छेद दोघांचे चिन्ह बदलते, गुणोत्तर तेच राहते. आर्यभटाच्या पहिल्या ओळीवर पडताळा घ्यावा : ३ अंश ४५ कलांसाठी cos x ०.९९७९ आणि गुणोत्तर ०.९९९३. ते बरोबर दोहोंच्या मध्ये आहे.

८/
येथे एक रास्त आक्षेप निघतो. पाकळीचे क्षेत्रफळ x / 2 हे कोठून आले? ते साइनच्या विकलनावर उभ्या असलेल्या संकलनाने काढले, तर सिद्धता स्वतःचेच शेपूट धरते. पण आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात ते त्याविना सिद्ध केले होते : वर्तुळाचे क्षेत्रफळ हे परीघ आणि त्रिज्या या काटकोन करणाऱ्या बाजू असलेल्या त्रिकोणाइतके असते. पाकळीला त्यातला प्रमाणशीर वाटा मिळतो. त्याचा आधार एक गृहीत होते : एकाच दिशेने बाक असलेल्या, समान टोकांच्या दोन रेषांपैकी दुसरीला वेढणारी अधिक लांब असते. सिद्धतेचा खरा पाया हा आहे, आणि तो उघडपणे सांगितला पाहिजे.

९/
याउलट लोपितालच्या नियमाने एका ओळीत दिलेले उत्तर फसवे आहे. त्या नियमाला साइनचे विकलन लागते, आणि ते cos आहे हे शाळेच्या रीतीने काढताना याच सीमेचा उपयोग होतो. तेथे उत्तर अचूक येते, पण ‘का’ याला उत्तर मिळत नाही.

१०/
आता इतिहासाचा निवाडा. ‘आर्यभटाला ही सीमा ठाऊक होती’ हा दावा टिकत नाही. त्याचे २२५ हे पूर्णांकात घेतलेले मूल्य आहे. ३४३८ त्रिज्येवर खरी ज्या सुमारे २२४.८६ येते. दोरी कमानीहून सदैव किंचित तोकडीच असते, ते तोकडेपण पूर्णांकात लपले एवढेच. शिवाय एका ओळीतील समानता म्हणजे सीमा नव्हे. कितीही लहान चाप घेतला तरी गुणोत्तर कोणत्या मर्यादेत राहील, हे सांगणारी असमानता कोष्टकात नाही.

११/
पण ‘ते केवळ कोष्टक होते’ हेही अर्धसत्य आहे. चाप आणि ज्या एकाच मापात मांडण्याची निवड झाली नसती, तर त्यांचे जवळ येणे दिसलेच नसते. सोळाव्या शतकात केरळात ज्येष्ठदेवाने मलयाळममध्ये लिहिलेल्या युक्तिभाषेत चापाचे हवे तितके सूक्ष्म तुकडे करून तुकड्याची ज्या आणि चाप एक मानण्याची युक्ती ज्यांच्या श्रेणीपर्यंत पोहोचते. म्हणून अभिमान ठेवायचा तर तो मापाच्या निवडीचा ठेवावा, सिद्धतेचे श्रेय आर्किमिडीजच्या त्या गृहीताला द्यावे, आणि वर्गात हे सूत्र फळ्यावर लिहिण्याआधी धनुष्य काढावे.