बदललेली गोळी आणि दुकानदाराचे मौन

मेहकर तालुक्यातील खेड्यात राहणाऱ्या एखाद्या शेतमजुराचे उदाहरण घ्यावे. रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या म्हणून तो बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावी जातो आणि डॉक्टरांची चिठ्ठी औषध दुकानदारापुढे ठेवतो. दुकानदार चिठ्ठीतील नाव सोडून भलत्याच नावाची पट्टी त्याच्या हाती देतो. विचारले तर ‘तेच आहे’ एवढेच उत्तर मिळते. घरी जुन्या पट्टीत सहा गोळ्या शिल्लक असतात. नावे दोन, तेव्हा औषधेही दोन, अशा समजुतीने तो दोन्ही घेऊ लागतो. डॉक्टरांनी अ‍ॅम्लोडिपिन 5 मिलिग्रॅम दिवसातून एकदा सांगितले होते. पोटात मात्र 10 मिलिग्रॅम जाते. पाय सुजतात, उठताना चक्कर येते आणि मजुरी बुडते.

याहून वाईटही घडू शकते. नावापुढे ‘एटी’ ही अक्षरे जोडलेल्या अशा गोळीत सहसा अ‍ॅटेनोलॉल हे दुसरे औषधही असते, आणि ते दम्याच्या रोग्याला धोक्याचे ठरते. म्हणून गोळी बदललेली दिसताच पट्टीमागील बारीक अक्षरांत तीन गोष्टी ताडून पाहाव्यात: मूळ औषध तेच आहे काय, मात्रा तीच आहे काय, आणि सोबत आणखी काही मिसळले आहे काय.

कायदा या बाबतीत संदिग्ध नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, 1945 मधील नियम 65 (11 अ) प्रमाणे अनुसूची ‘एच’मधील औषध चिठ्ठीवर लिहिलेले असेल, तर त्याऐवजी दुसरी बनावट देता येत नाही, मग तिच्यातील घटक तोच असला तरीही नाही. अ‍ॅम्लोडिपिन याच अनुसूचीत मोडते.

तरीही बदल का होतो, याचे उत्तर अर्थकारणात सापडते. 2013 च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाने आवश्यक औषधांची कमाल किंमत ठरते आणि तिच्या हिशेबात किरकोळ विक्रेत्याचा नफा 16 टक्के धरला जातो. परंतु हे बंधन केवळ वरच्या किमतीवर आहे. समजा, एका पट्टीवर 25 रुपये छापले आहेत आणि दुकानदाराला ती साडेएकवीस रुपयांना पडते. दुसऱ्या कंपनीची पट्टी त्याला 6 रुपयांना मिळते, पण तिच्यावरही 25 रुपयेच छापलेले असतात. पहिलीत त्याला साडेतीन रुपये सुटतात, दुसरीत 19. रोग्याच्या खिशातून दोन्ही वेळा 25 रुपयेच जातात. स्वस्ताईचा सगळा लाभ गल्ल्यात अडकतो, आणि ‘तेच आहे’ या दोन शब्दांचे मोल यावरून कळते.

अशा वेळी दुकानाच्या मालकाला लेखी जाब विचारलाच पाहिजे. पत्र संतापाचे नको, तपशिलाचे हवे. त्यात असे लिहावे: ‘अमुक तारखेला आपल्या दुकानातून चिठ्ठीतील औषधाऐवजी दुसऱ्या नावाचे औषध देण्यात आले. डॉक्टरांची संमती घेतली नाही, आम्हांसही सांगितले नाही. बदलाचे कारण, त्या वेळी नोंदणीकृत औषधनिर्माता हजर होता काय, आणि दिलेल्या औषधाचा बॅच क्रमांक, हे सात दिवसांत लेखी कळवावे.’ सोबत चिठ्ठी व बिल यांच्या प्रती जोडाव्यात, पट्टी जपून ठेवावी आणि पत्राची पोच घ्यावी. बिल मिळालेच नसेल तर तीही तक्रारच होय. उत्तर न आल्यास तीच कागदपत्रे अन्न व औषध प्रशासनाच्या औषध निरीक्षकाकडे द्यावीत. मात्र या खटाटोपात रोग्याने गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. आधी डॉक्टरांना पट्टी दाखवावी.

पण कार्यकर्त्यांनी एक सावधगिरी बाळगावी. ही तक्रार स्वस्त औषधांविरुद्ध नाही. नामांकित कंपन्यांना हेच हवे आहे की, नाव बदलले म्हणजे औषध बनावट, अशी लोकांची समजूत व्हावी. वस्तुतः हा नियम रोग्याचे रक्षण करतो तसा छापील नावाच्या मक्तेदारीचेही करतो: चिठ्ठीवर कंपनीचे नाव असेल, तर दुकानदाराला त्याजागी प्रामाणिकपणेही स्वस्त गोळी देता येत नाही. जयसुखलाल हाथी समितीने 1975 मध्येच व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने रद्द करण्याची शिफारस केली होती. डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव लिहावे, असा आग्रह धरणारे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे नियम ऑगस्ट 2023 मध्ये आले आणि त्याच महिन्यात स्थगित झाले.

तेव्हा मागणी दुहेरी हवी. डॉक्टरांनी मूळ नाव लिहावे. आणि दुकानदाराने कोणती गोळी, कोणत्या किमतीत, का दिली, हे ग्राहकाला सांगून बिलावर नोंदवावे. निवड करण्याचा अधिकार ज्याच्या शरीरात ती गोळी जाते त्याला माहितीसह मिळाला पाहिजे. तो ना कंपनीच्या प्रतिनिधीचा आहे, ना गल्ल्यावर बसलेल्या मालकाचा.