विश्लेषण : मेट्रो आणि फीडर बसचं तिकीट 'एक' झालं, मग भाडं तीनदा का लागतं?

मोबाइलवर एक अ‍ॅप उघडायचं, घरापासून ऑफिसपर्यंतचा प्रवास निवडायचा, एकदाच पैसे भरायचे आणि एका क्यूआर कोडवर बस, मेट्रो, पुन्हा बस असं जायचं. मुंबईत ही सोय आता कागदावर राहिलेली नाही. 8 ऑक्टोबर 2025 रोजी 'मुंबई वन' अ‍ॅप सुरू झालं. मेट्रोच्या मार्गिका, मोनोरेल, उपनगरी रेल्वे, बेस्ट आणि ठाणे, नवी मुंबई, मीरा-भाईंदर, कल्याण-डोंबिवली इथल्या बससेवा अशा 11 यंत्रणा त्यात एकत्र आणल्या आहेत.

पण तिकीट एक झालं म्हणजे भाडं एक झालं असं नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीमुळे रांग वाचते, दुसरीमुळे पैसे वाचतात. स्टेशनपासून ऑफिसपर्यंतच्या फीडर बसमध्ये लोक बसतात की रिक्षाला हात करतात, हे बरंचसं या दुसऱ्या गोष्टीवर ठरतं.

आधी हिशेब पाहू

समजा, एक जण दहिसर पूर्वेला राहतो आणि ऑफिस अंधेरीच्या एमआयडीसी परिसरात आहे. घरापासून दहिसर पूर्व मेट्रो स्टेशन 2 किलोमीटर. तिथून मेट्रो 7 ने गुंदवली, म्हणजे साधारण 16.5 किलोमीटर. गुंदवलीपासून ऑफिस आणखी 3 किलोमीटर. एकूण साडेएकवीस किलोमीटर.

मेट्रो 2अ आणि 7 वर 12 ते 18 किलोमीटरच्या टप्प्याला 30 रुपये लागतात. बेस्टच्या एसी बसचं किमान भाडं मे 2025 पासून 6 रुपयांवरून 12 रुपये झालं आणि त्यात पहिले 5 किलोमीटर जाता येतं. म्हणजे बस 12, मेट्रो 30, पुन्हा बस 12. एका बाजूचे 54 रुपये, येऊन-जाऊन 108. महिन्यात 22 दिवस कामाचे धरले तर 2376 रुपये.

आता यातला गंमतीचा भाग बघा. मेट्रोने साडेसोळा किलोमीटर नेलं त्याचे 30 रुपये, म्हणजे किलोमीटरला पावणेदोन-दोन रुपये. दोन्ही बसनी मिळून फक्त 5 किलोमीटर नेलं त्याचे 24 रुपये, म्हणजे किलोमीटरला जवळपास 5 रुपये. बस महाग आहे असं नाही. 5 किलोमीटरपर्यंतचं किमान भाडं दोनदा भरलं आणि दोन्ही वेळा त्यातलं निम्मं अंतरही वापरलं नाही किंवा जेमतेम वापरलं. प्रत्येक वाहनात चढताना मीटर शून्यापासून सुरू होतो, खरा मुद्दा हा आहे.

हाच साडेएकवीस किलोमीटरचा प्रवास एकच प्रवास धरून मेट्रोच्या दरपत्रकाने मोजला, तर तो 18 ते 24 किलोमीटरच्या टप्प्यात बसतो. त्या टप्प्याचं भाडं 40 रुपये आहे. म्हणजे एका बाजूला 14 रुपयांचा, दिवसाला 28 रुपयांचा आणि महिन्याला 616 रुपयांचा फरक पडतो.

616 रुपयांनी असं काय होतं?

समोर पर्याय कोणता आहे ते पाहिलं की कळतं. हाच माणूस स्कूटरने गेला तर दिवसाला 43 किलोमीटर होतात. लिटरला 45 किलोमीटरचं अ‍ॅव्हरेज आणि पेट्रोल 103-104 रुपये धरलं तर खर्च साधारण 100 रुपये. बस-मेट्रो-बसचे 108. म्हणजे दोन वेळा बसची वाट पाहून, दोन वेळा गाडी बदलून वर 8 रुपये जास्त. एकत्रित भाडं असतं तर तो खर्च 80 रुपये झाला असता आणि लोकांनी विचार तरी केला असता.

शेवटच्या टप्प्यावर बसची स्पर्धा रिक्षाशी असते. फेब्रुवारी 2025 पासून मुंबईत रिक्षाचं किमान भाडं दीड किलोमीटरला 26 रुपये आहे. स्टेशनपासून ऑफिस तेवढ्या अंतरावर असेल आणि दोघे मिळून गेले, तर माणशी 13 रुपये. बसचे 12. एका रुपयासाठी थांब्यावर कोण उभं राहणार? त्यात बस दर 20 मिनिटांनी असेल, तर वेळ न बघता थांब्यावर गेलेल्याला सरासरी 10 मिनिटं थांबावं लागतं.

पास काढला तर?

पासमुळे थोडा फरक पडतो, पण तो पास ज्या यंत्रणेचा आहे तिच्यापुरताच. मेट्रो 2अ आणि 7 वर 'मुंबई 1' कार्डावर 30 दिवसांत 45 फेऱ्यांच्या पासला 15 टक्के सवलत आहे. आपल्या उदाहरणात 44 फेऱ्यांची सुटी तिकिटं 1320 रुपयांची होतात. 45 फेऱ्यांचा पास 1147 रुपये 50 पैशांना पडतो. पावणेदोनशेच्या आसपास वाचतात. बसचे 1056 रुपये मात्र जसेच्या तसे राहतात. बेस्टचेही स्वतःचे पास आहेत, पण मेट्रोच्या फाटकाला ते चालत नाहीत.

कॉलेजच्या मुलांची अडचण आणखी वेगळी. मुंबईत याच दोन मार्गिकांवर विद्यार्थ्यांना 25 टक्के सवलत आहे, पण ती बारावीपर्यंत. पुणे मेट्रोत पदवीपर्यंतच्या विद्यार्थ्यांना 30 टक्के सवलत मिळते. म्हणजे एफवायला गेलेला मुलगा पुण्यात विद्यार्थी आणि मुंबईत मेट्रोच्या लेखी सामान्य प्रवासी. विद्यार्थी कोणाला म्हणायचं, हे प्रत्येक यंत्रणा आपापलं ठरवते. त्यामुळे एकाच प्रवासात एका गाडीत सवलत आणि दुसऱ्या गाडीत पूर्ण भाडं असं होऊ शकतं.

'वन नेशन, वन कार्ड'ने हे सुटलं नाही का?

मार्च 2019 मध्ये सुरू झालेलं नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड, म्हणजे एनसीएमसी, हे मुळात पाकीट आहे. त्यात 2000 रुपयांपर्यंत शिल्लक ठेवता येते आणि ही शिल्लक बँकेच्या खात्यात नव्हे, कार्डाच्या चिपवर असते. म्हणूनच नेटवर्क नसतानाही फाटक उघडतं. म्हणूनच ऑनलाइन रिचार्ज केल्यावरही, ते पैसे स्टेशनवरच्या यंत्रावर कार्ड टेकवून चिपवर उतरवून घेईपर्यंत फाटक उघडत नाही. पैसे कापले गेले पण कार्ड चालत नाही, या तक्रारीमागे अनेकदा हेच कारण असतं.

याच चिपवर यंत्रणांचे पास ठेवायला वेगळी जागा असते. तिथे मेट्रोचा पास आणि बसचा पास शेजारी शेजारी राहू शकतात, पण एकाचा पास दुसऱ्याला लागू होत नाही. खिशातलं पाकीट एक आहे, म्हणून दोन दुकानदार मिळून सूट देत नाहीत, तसंच हे.

मग भाडं एकत्र करायला अडतं कुठे?

पहिली अडचण मोजण्याची. मेट्रोत आत जाताना आणि बाहेर पडताना अशी दोनदा नोंद होते. बसमध्ये कंडक्टरकडून किंवा अ‍ॅपवर तिकीट घेतलं की झालं, प्रवासी प्रत्यक्षात कुठे उतरला याची नोंद नसते. सिंगापूरमध्ये बसमधून उतरतानाही कार्ड टेकवावं लागतं. त्यामुळे तिथे 2010 पासून बस आणि रेल्वेचं अंतर जोडून एकच भाडं लावता येतं. दोन वाहनांमध्ये 45 मिनिटांपेक्षा जास्त वेळ गेला नाही आणि सगळा प्रवास 2 तासांच्या मर्यादेत असला, तर 5 वेळा वाहन बदललं तरी किमान भाडं पुन्हा लागत नाही.

दुसरी अडचण अधिकाराची. मेट्रोचं सुरुवातीचं भाडं ती चालवणारी संस्था ठरवते आणि पुढे 2002 च्या मेट्रो कायद्याखालची भाडेनिश्चिती समिती. बेस्टच्या भाडेवाढीला महापालिका आणि मुंबई महानगर प्रदेश वाहतूक प्राधिकरण यांची मंजुरी लागते. बसचं भाडं मेट्रोच्या भाड्याशी जोडून ठरवायचं, तर तो निर्णय कोणी घ्यायचा इथपासून सुरुवात आहे. मेट्रो-मेट्रोतही हे झालेलं नाही. गुंदवलीला उतरून पुलावरून मेट्रो 1 मध्ये गेलात, तर तिचं भाडं पुन्हा किमान दरापासूनच सुरू होतं, कारण ती चालवणारी कंपनी वेगळी आहे.

तिसरी अडचण सगळ्यात साधी आणि सगळ्यात अवघड. ते 14 रुपये कोणी सोडायचे? आपल्या उदाहरणातले 40 रुपये दोन्ही यंत्रणांनी वाटून घ्यायचे म्हटले आणि मेट्रोने आपले पूर्ण 30 घेतले, तर बेस्टला दोन फेऱ्यांचे मिळून 10 रुपये उरतात. आधीच तोट्यात असलेल्या बससेवेला हे परवडणार नाही. त्यात फीडर बस एकमार्गी भरते. सकाळी स्टेशनकडून ऑफिसकडे उभं राहायला जागा नसते आणि परत येताना बस रिकामी असते. फीडर बसचा फायदा मेट्रोला मिळतो, कारण तिचे प्रवासी वाढतात. खर्च मात्र बसच्या खात्यावर पडतो. केंद्राच्या 2017 च्या मेट्रो धोरणाने नव्या प्रकल्पांसाठी स्टेशनच्या आसपासच्या 5 किलोमीटरच्या पट्ट्यात फीडर सेवेची हमी राज्यांकडून मागितली आहे. बस धावतील अशी हमी त्यातून मिळेल, पण सवलतीची भरपाई मेट्रोने करायची, महापालिकेने की राज्य सरकारने, याचं उत्तर त्यातून मिळत नाही.

कंपन्यांच्या शटल बस तर या हिशेबाच्या बाहेरच आहेत. त्यांचा खर्च कंपनी करते आणि त्या फक्त ओळखपत्रधारकांना घेतात. त्याच इमारतीत काम करणारा कंत्राटी सुरक्षारक्षक किंवा शेजारच्या कॉलेजचा विद्यार्थी त्यात बसू शकत नाही. भरवशाचे रोजचे प्रवासी असे वेगळे निघाले, की सार्वजनिक फीडर बसचं उत्पन्न आणखी घटतं आणि मग तिच्या फेऱ्या कमी होतात.

नवी घोषणा झाली तर काय तपासायचं?

यापुढे एखाद्या शहरात 'एक तिकीट' आलं असं वाचलं, तर आपलाच रोजचा प्रवास त्या अ‍ॅपवर दोनदा टाकून बघा. एकदा सलग, एकदा तुकड्या-तुकड्यांत. दोन्हींची बेरीज सारखीच आली, तर फक्त तिकीट जोडलं गेलं आहे. सलग प्रवास स्वस्त दिसला, तर ती सवलत कायमची आहे की ठरावीक पद्धतीने पैसे भरल्यावर मिळणारी तात्पुरती ऑफर, हे बघा. आणि एक शेवटचा प्रश्न, मेट्रोतून उतरल्यावर बस आलीच नाही, तर तिच्या वाट्याचे पैसे परत मिळतात का? तिन्ही गाड्यांचं तिकीट घरातूनच काढायला लावायचं असेल, तर याचं उत्तर तिकिटाच्या नियमांत लिहिलेलं असायला हवं.