पंधरा चुकांचा हिशेब

हा लेख वाचून आमच्या शनिवारच्या मराठी वर्गातील काही काकू आणि ताई माझ्यावर रागावतील, याची मला कल्पना आहे. आठवडाभर नोकरी करून शनिवारी फुकट शिकवायला येणाऱ्या माणसांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. भांडण आहे ते त्यांच्या लाल पेनाशी.

झाले असे, की माझी धाकटी लेक वर्गातून रडवेली होऊन आली. श्रुतलेखनाला अवघी ३२ शब्दांची चार-पाच वाक्ये होती. मूळ मजकूर असा:

काल आजीचा फोन आला. ती म्हणाली, "यंदा फुले खूप महाग आहेत. गरीब माणसाने सण कसा करायचा?" मी विचारले, "तू दारावर तोरण लावलेस की नाही?" आजी हसली आणि म्हणाली, "तोरण लावायला तूच ये."

आणि आमच्या बाईसाहेबांनी लिहिले होते ते असे:

काल आजिचा फोन आला. ति म्हणाली यंदा फूले खुप महाग आहेत. गरिब माणसाने सन कसा करायचा. मी विचारले तू दारा वर तोरन लावलेस कि नाही? आजी हसली आणी म्हणाली तोरण लावायला तू च ये.

मूळ मजकुराशी ताडून पाहता पंधरा लाल गोल, आणि खाली शेरा: "शुद्धलेखनाकडे लक्ष द्या." आता मला सांगा, दहा वर्षांच्या मुलीने नेमके कशाकडे लक्ष द्यायचे? पेशाने मी संगणकवाला. एका बिघाडामुळे पंधरा ठिकाणी गडबड दिसली, तर पंधरा बिघाड मोजणाऱ्याला आमच्याकडे कोणी दुसऱ्या दिवशी कामावर ठेवणार नाही. म्हणून मी वही घेऊन बसलो.

पंधरांपैकी सात चुका ऱ्हस्व-दीर्घाच्या. त्यांतल्या 'आजिचा', 'ति', 'कि' या तीन म्हणजे एकच चूक. मराठी शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ लिहायचा आणि 'आजी'ला 'चा' लागला तरी तो दीर्घच ठेवायचा, एवढे तिला कोणी एकदा नीट सांगितले असते तर तिन्ही गोल गेले असते. 'खुप' आणि 'गरिब' ही दुसरी जोडी. शब्द अकारान्त असेल तर शेवटून दुसरे अक्षर दीर्घ: खूप, गरीब, फूल, वसूल. (संस्कृतातून जसेच्या तसे आलेले 'गुण', 'मंदिर' यांसारखे शब्द याला अपवाद.) पण 'फूल'चे अनेकवचन करताच शेवटचे अक्षर दीर्घ होते आणि 'फू'चा 'फु' होतो: फुले. 'गरीब', पण 'गरिबाला'. म्हणजे 'गरिब' लिहिणाऱ्या मुलाने बहुधा 'गरिबाला' कुठेतरी बरोबर वाचलेले असते. ही चूक अडाणीपणाची नव्हे, अर्धवट सांगितल्याची आहे.

सातवी चूक तर मला चूकच वाटत नाही. 'आणी'! शेवटचा इकार दीर्घ, हा नियम तिने इथे इमानदारीने पाळला. उच्चारही आपण 'आणी' असाच करतो. 'आणि', 'परंतु', 'तथापि' असे काही शब्द त्या नियमाला अपवाद आहेत, हे तिला कानाने कधीच कळणार नव्हते. ते सांगावेच लागते. नियम मोडून लिहिलेल्या 'ति'ला आणि नियम पाळून लिहिलेल्या 'आणी'ला सारखाच लाल गोल! याला तपासणे म्हणत नाहीत. हे नुसते दोन कागद एकावर एक ठेवून पाहणे झाले.

'सन' आणि 'तोरन' या चुका मात्र खऱ्या कानाच्या. 'ण' इंग्रजीत नाही आणि इथल्या मुलांच्या कानाला तो वेगळा लागत नाही. हेच पाहा ना, त्याच परिच्छेदात दुसऱ्यांदा 'तोरण' बरोबर आला आहे. म्हणजे तिचा अंदाज चालू आहे. यावर शब्द दहा वेळा लिहायला लावणे हा उपाय नव्हे. मन-मण, सन-सण, तन-तण अशा जोड्या मोठ्याने म्हणायच्या आणि कोणता शब्द म्हटला हे मुलाला बोटाने दाखवायला लावायचे. शिवाय एक नाजूक गोष्ट. अर्ध्या वर्गाने तीच चूक केली असेल, तर आधी वाचणाऱ्याचा उच्चार तपासावा. वाचणाऱ्या काकू घरच्या सवयीने 'फुलं' म्हणाल्या आणि वर्गातल्या एका मुलाने इमानाने 'फुलं' लिहिले, तर मूळ कागदात 'फुले' आहे म्हणून त्यालाही गोल मिळाला. खरे तर कुणाच्या तोंडच्या वाक्यात बोलल्याप्रमाणे अनुस्वार देऊन लिहिणे आपल्या नियमांना मान्य आहे.

'दारा वर' आणि 'तू च' या इंग्रजीच्या सवयीतून येतात. तिकडे 'ऑन' सुटा असतो, मग इकडे 'वर' का नको? मुलाला एकच प्रश्न विचारावा: "नुसता 'दारा' असा शब्द आहे का?" नाही (कुस्तीगीर दारासिंग सोडून). मग जोडून लिही. 'च' तर एकटा उभाच राहू शकत नाही.

उरल्या चार, विरामचिन्हांच्या. तीन संवादांना स्वल्पविराम आणि अवतरणचिन्हे नाहीत, आणि 'करायचा'पुढे प्रश्नचिन्ह नाही. मी लेकीला विचारले, तर म्हणाली, "बाबा, त्यांनी सांगितलंच नाही ना!" खरेच आहे. चिन्हे न उच्चारता सपाट सुरात वाचायचे आणि मग त्यांचे गुण कापायचे, हा कुठला न्याय? अवतरणचिन्हे ती इंग्रजी शाळेत तिसऱ्या वर्षापासून शिकली आहे. 'की नाही' हे कानाला प्रश्नासारखे लागले, तिथे तिने प्रश्नचिन्ह दिलेही. एक तर 'स्वल्पविराम, अवतरण सुरू' असे स्पष्ट म्हणा, नाही तर चिन्हांचा वेगळा धडा घ्या. इथल्या सहाव्या वर्षाच्या परीक्षेत स्पेलिंगचा कागद वेगळा असतो: वीस शब्द, प्रत्येक शब्द आधी सुटा, मग वाक्यात, मग पुन्हा सुटा वाचतात आणि मुलाने तेवढाच एक शब्द लिहायचा असतो. विरामचिन्हे दुसऱ्या कागदात. एका वेळी एकच गोष्ट तपासायची, एवढे शहाणपण आपण इंग्रजांकडून घ्यायला हरकत नाही.

यावर एका ज्येष्ठ सभासदांनी मला सुनावले, "आम्ही छड्या खाऊन शुद्धलेखन शिकलो, ही मुले लाल शाईला घाबरतात?" काका, आपण दिवसभर मराठी वाचत होतो. दुकानाच्या पाट्या, वर्तमानपत्र, एसटीवरचे फलक, सगळीकडे 'आणि' डोळ्यांपुढे होता. लफबरो किंवा रेडिंगमध्ये वाढणाऱ्या मुलाला तो आठवड्यातून दोन तास दिसतो. आणि छड्यांचे म्हणाल, तर १९६२ साली नवे लेखननियम आले तेव्हा आधीच्या पिढीचे 'नाहीं' आणि 'कांहीं' हे छड्या खाऊन पाठ केलेले अनुस्वार एका फटक्यात गेले. माझी आजी शेवटपर्यंत पत्रात 'नाहीं' लिहीत असे. तिला अशुद्ध म्हणायची माझी तरी छाती नाही.

तेव्हा कार्यकारिणीला माझी विनंती आहे, की पुढच्या सत्रापासून श्रुतलेखनाच्या वहीत समासाच्या बाजूला तीन रकाने आखावेत: ऐकण्याची चूक, नियमाची चूक, जोडण्याची चूक. विरामचिन्हांना वेगळा दिवस द्यावा. एका श्रुतलेखनात एकाच नियमाचे गुण कापावेत, बाकीच्या चुकांवर पेन्सिलीने खूण करावी. आणि वाचणाऱ्याने आपले वाचन फोनवर ध्वनिमुद्रित करून तपासायच्या आधी एकदा स्वतः ऐकावे. मी ते गेल्या रविवारी घरी करून पाहिले. पहिल्याच वाक्यात माझा 'फोन' मला 'फोण' असा ऐकू आला.