टॉवर मोजले, वाटा मोजल्या नाहीत

सेवेच्या अखेरच्या वर्षांत एका डोंगराळ राज्याच्या आपत्ती व्यवस्थापन विभागाचा कार्यभार माझ्याकडे होता. एका पावसाळ्यात सीमेलगतच्या तालुक्याचा फोनसंपर्क तीन दिवस तुटला. भूकंप झाला नव्हता, वीज गेली नव्हती. डोंगरमाथ्यांवरचे मोबाइल टॉवर जागच्या जागी उभे होते. तरीही त्याच गावातल्या त्याच गावात, एकाच टॉवरखालच्या दोन घरांनाही एकमेकांना फोन लावता येईना.

ही शेवटची गोष्ट माझ्यासारख्या प्रशासकाला तेव्हा चमत्कारिक वाटली होती. वस्तुतः तीतच साऱ्या प्रश्नाचे मूळ आहे. टॉवर स्वतः काहीच ठरवत नाही. फोन कोणाचा, त्याला सेवा द्यायची की नाही, समोरचा ग्राहक कुठे आहे, हे सारे शेकडो किलोमीटर दूर असलेल्या कंपनीच्या मुख्य यंत्रणेत ठरते. शेजाऱ्याला लावलेला फोनही आधी तिथे जातो आणि मग परत येतो. टॉवरपासून त्या यंत्रणेपर्यंतच्या वाटेला दूरसंचाराच्या भाषेत ‘बॅकहॉल’ म्हणतात. ती तुटली की टॉवर म्हणजे नुसता लोखंडी सांगाडा उरतो.

ही वाट दोन प्रकारांनी बांधली जाते. एक, जमिनीत पुरलेली ऑप्टिकल फायबर. दुसरी, टॉवरवरच्या गोल तबकडीतून समोरच्या टॉवरवरील तबकडीकडे जाणारा मायक्रोवेव्ह लहरींचा झोत. आमच्या तालुक्यात दोन्ही होत्या. गावांतले चार टॉवर मायक्रोवेव्हने एकापुढे एक असे साखळीत जोडलेले होते. साखळीचे टोक तालुक्याच्या गावी फायबरला मिळत होते आणि तिथून ती फायबर महामार्गाच्या कडेने जिल्ह्याच्या ठिकाणी व पुढे मैदानी प्रदेशात उतरत होती.

मायक्रोवेव्हचा गुण असा की दरी ओलांडायला खोदावे लागत नाही. दोन माथे एकमेकांना स्पष्ट दिसले की काही दिवसांत जोडणी होते. तिची मर्यादा मात्र क्षमतेत आहे. आपल्याकडे प्रचलित असलेल्या 15 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात 28 मेगाहर्ट्‌झची एक वाहिनी स्वच्छ हवेत सेकंदाला साधारण 180 मेगाबिट वाहते. आता हिशेब करा. संध्याकाळी प्रत्येक टॉवरची मागणी 60 मेगाबिट धरली, तर चौथ्या टॉवरच्या दुव्यावर 60चा भार येतो. पण सर्वांचे ओझे वाहणाऱ्या पहिल्या दुव्यावर तो 240 होतो. रात्री आठ वाजता फोनवर संकेताच्या साऱ्या रेघा दिसतात आणि चित्रफीत मात्र फिरत राहते, याचे एक नेहमीचे कारण हेच. त्या रेघा फोन आणि टॉवर यांच्यातील नाते सांगतात. टॉवरच्या मागे काय चालले आहे, हे त्यांना ठाऊकच नसते.

त्यात पाऊस. या लहरींची ताकद मुसळधार पावसात घटते. यंत्रणा अशा वेळी स्वतःहून सावध, सावकाश पद्धतीवर येते आणि क्षमता 180वरून 40च्या आसपास उतरू शकते. सर ओसरली की ती पूर्ववत होते. म्हणून पावसासोबत मंदावणारी आणि पावसासोबत सावरणारी सेवा दिसली, की वाटेत मायक्रोवेव्ह आहे असा संशय घ्यावा.

फायबरला पावसाचे भय नाही आणि तिच्या एका जोडीतून सेकंदाला 10 गिगाबिट सहज जातात. पण ती मातीच्या अधीन असते. दरड, पूर, रस्त्याचे खोदकाम यांपैकी काहीही तिला पुरते. कुठे तुटली हे शोधायला प्रकाशाचा एक ठोका आत सोडून त्याचा प्रतिध्वनी मोजतात. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. प्रतिध्वनी 310 मायक्रोसेकंदांत परतला, तर तूट फायबरच्या लांबीने 31 किलोमीटरवर आहे. आमच्या पथकाला तूट काही मिनिटांत कळली. तिथवर पोहोचायलाच दोन दिवस लागले, कारण ज्या दरडीने फायबर नेली होती, तिनेच रस्ताही नेला होता.

खरा धक्का नंतर बसला. आपत्तीत एका कंपनीच्या ग्राहकाला दुसऱ्या कंपनीचा टॉवर वापरू देण्याची सोय आहे. आम्ही तिचीच वाट पाहत होतो. पण तीन कंपन्यांच्या फायबर एकाच चरात होत्या. कागदावर जी ‘पर्यायी वाट’ होती, तीही त्याच वळणावरून, त्याच पुलाच्या कठड्याला बांधलेल्या नळीतून जात होती. नकाशात रेषा दोन होत्या, जमिनीवर चर एकच.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला येथे एक जुनी जोडी आठवते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कंपनी सरकारने कोलकात्यापासून चुनारपर्यंत संकेत-मनोऱ्यांची रांग उभारली होती. एका मनोऱ्यावरचा संकेत दुर्बिणीतून पाहून पुढच्याने तो पुढे द्यायचा. धुके पडले की संदेश थांबे. पुढे विजेची तार आली. तिला धुक्याची पर्वा नव्हती, पण 1857मध्ये ती जागोजागी कापली गेली. मनोऱ्याचा शत्रू आकाशात आणि तारेचा जमिनीवर, हे तेव्हाही खरे होते.

माझा मुद्दा याच निरीक्षणावर उभा आहे. फायबर आणि मायक्रोवेव्ह यांच्याकडे आपले धोरण पुढारलेले आणि मागासलेले अशा क्रमाने पाहते. 2018च्या राष्ट्रीय डिजिटल संचार धोरणात किमान 60 टक्के टॉवर फायबरने जोडण्याचे लक्ष्य होते. 2019च्या राष्ट्रीय ब्रॉडबँड मिशनने ते 70 टक्क्यांवर नेले. क्षमतेसाठी हे योग्यच आहे. 5जी टॉवरचा भार जुन्या मायक्रोवेव्ह वाहिनीला पेलणारा नाही. पण फायबर पोहोचली म्हणून मायक्रोवेव्हच्या तबकड्या उतरवणे डोंगराळ भागात घातक ठरेल. दोघींची मरणाची कारणे वेगळी आहेत. म्हणूनच त्या एकमेकींच्या उत्तम राखणदार आहेत. दुसऱ्या खोऱ्यातून जाणारा 40 मेगाबिटचा दुवा चित्रपट दाखवणार नाही, पण ध्वनिसंवाद आणि संदेशांना अग्रक्रम दिला, तर हजारो माणसांचे निरोप पोहोचवील.

यावर खर्चाचा आक्षेप येईल आणि तो खोटा नाही. दुसरी वाट वर्षभर जवळजवळ रिकामी राहते. विरळ वस्तीत कंपनीने ती स्वेच्छेने का बांधावी? म्हणूनच हा भार सार्वजनिक निधीने उचलायला हवा. डिजिटल भारत निधीतून ज्या टॉवरांना साहाय्य मिळते, त्यांच्या निविदेत दुसऱ्या वाटेची अट आणि तिची किंमत दोन्ही असावीत. आणि ती वाट खरोखर वेगळ्या चरातून, वेगळ्या पुलावरून जाते का, याची कागदावर नव्हे तर जागेवर तपासणी व्हावी. जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्यात निवारा केंद्रांची यादी असते, तशीच सर्व कंपन्यांच्या वाटा जिथे एकत्र येतात त्या ठिकाणांचीही असावी.

4 ऑक्टोबर 2023 रोजी सिक्कीममध्ये दक्षिण ल्होनाक सरोवर फुटले. तीस्तेच्या पुराने पूल आणि रस्ते वाहून नेले. चुंगथांगसारख्या गावांशी संपर्क तुटला. बातम्या वाचताना मला आमचा तो पुलाचा कठडा आठवला. आमच्या विभागाच्या अहवालात त्या तालुक्यातील टॉवरांची संख्या अचूक होती. त्यांच्या मागे वाटा किती, हा रकानाच त्यात नव्हता.